इंग्रजीचा रकाना रिकामा ठेवा

मराठी चॅनेल चालवणाऱ्यांना सध्या एक सल्ला सगळीकडून मिळतो आहे. यूट्यूबने एकाच व्हिडिओला अनेक भाषांतली शीर्षके आणि अनेक ऑडिओ ट्रॅक जोडायची सोय दिली आहे, मग ती वापरत का नाही? शीर्षक इंग्रजीत आणि हिंदीत टाकायला पाच मिनिटे लागतात. त्याला पैसे पडत नाहीत. झाला तर फायदा, नाही तर तोटा कसलाच नाही. पुढे जमेल तेव्हा हिंदी आवाजाचा ट्रॅक जोडा, म्हणजे तोच व्हिडिओ पाटण्यातही चालेल. कार्यशाळांत हे सांगितले जाते, चॅनेल वाढवून देणारे सल्लागार हे सांगतात, आणि ऐकायला ते इतके निरुपद्रवी वाटते की कोणी उलट विचारत नाही.

या सल्ल्यातले ‘तोटा कसलाच नाही’ हे वाक्य चुकीचे आहे. ‘आधी शीर्षक, मग आवाज’ हा क्रम उलटा आहे. आणि पहिली भाषा हिंदी किंवा इंग्रजीच असणार हे गृहीतक तर तपासलेलेच नाही. तिन्ही गोष्टी मला इथे सविस्तर मांडायच्या आहेत. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो : तासगावच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराचे चॅनेल, आणि त्याचा ऑक्टोबर छाटणीवरचा बारा मिनिटांचा व्हिडिओ.

सुरुवात शीर्षकापासून करू, कारण सल्ल्यातला सगळ्यात ‘फुकट’ भाग तोच. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओची मूळ भाषा निवडली की इतर भाषांचे रकाने उघडतात. प्रत्येक भाषेसाठी वेगळे शीर्षक आणि वेगळे वर्णन भरता येते. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, वर्णनाला ५,००० ची. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पण भरलेल्या शीर्षकांपैकी कोणते कोणाला दाखवायचे हे कसे ठरते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. यूट्यूबला प्रेक्षकाची मातृभाषा ठाऊक नसते. त्याला मुख्यतः दिसते ते प्रेक्षकाने ॲप कोणत्या भाषेत ठेवले आहे हे, जोडीला तो कुठे आहे हे. त्या भाषेचा रकाना भरलेला असेल तर ते शीर्षक दिसते. रिकामा असेल तर सहसा मूळ शीर्षक दिसते.

आता आपल्या घरातले, शेजारचे, गावातले फोन डोळ्यांसमोर आणा. दुकानातून फोन आला तेव्हा त्याची भाषा इंग्रजी होती आणि ती तशीच राहिली. मेसेज मराठीत येतात-जातात, बातम्या मराठीत वाचल्या जातात, कीर्तन मराठीत ऐकले जाते, पण फोनमधल्या सेटिंगची भाषा इंग्रजी. यूट्यूब ॲप फोनच्या मागे जाते, म्हणून तेही इंग्रजी. ज्याला इंग्रजीची दोन वाक्ये सलग वाचता येत नाहीत त्या माणसाचा फोनही इंग्रजीतच असतो, कारण बटणांच्या जागा आणि चित्रे त्याच्या हाताला बसलेली असतात. मराठीत फोन ठेवणारे लोक आहेत, पण ते शोधावे लागतात.

त्यामुळे तासगावच्या त्या बागायतदाराने इंग्रजीचा रकाना भरला की ते इंग्रजी शीर्षक लंडनमधल्या कोणा द्राक्षप्रेमीपर्यंत पोचायच्या आधी पलूसच्या, निफाडच्या, पंढरपूरच्या शेतकऱ्याच्या पडद्यावर जाऊन बसते. काल त्याला ‘ऑक्टोबर छाटणी : पेस्ट कधी लावायची, किती डोळ्यांवर?’ असे दिसत होते. आज तिथे इंग्रजीत छाटणीवरचे काहीतरी लिहिलेले दिसते. व्हिडिओ आपल्या भाषेतला आहे, आपल्याच भागातला आहे, हे त्याला कळायची खूण गेली. तो अंगठ्याने पुढे सरकतो. चॅनेलवाल्याला वाटते यंदा व्हिडिओ चालला नाही.

हा तोटा दिसत नाही, कारण चॅनेलवाला स्वतः स्टुडिओत मूळ शीर्षक पाहत असतो. तिथे सगळे ठीक असते. नुकसान होते ते फक्त प्रेक्षकाच्या पडद्यावर. तपासायचे असेल तर एक सोपा उपाय आहे. ज्या फोनची भाषा इंग्रजी आहे अशा कोणाच्याही फोनवर आपले चॅनेल उघडायचे आणि यादी वाचायची. मग ॲपची भाषा मराठी करून तीच यादी पुन्हा वाचायची. भाषांतरे भरलेली असतील तर दोन वेगळी चॅनेल पाहत असल्यासारखे वाटेल.

रकाना रिकामा ठेवला तर काय होते? इंग्रजी फोनवाल्या मराठी माणसाला मूळ मराठी शीर्षक दिसते, देवनागरीत, जसे लिहिले तसे. म्हणजे मराठी प्रेक्षकासाठी मराठी शीर्षक टिकवायचे असेल तर इंग्रजीचा रकाना मोकळा असणे गरजेचे आहे. सल्लागारांच्या यादीत जे काम ‘राहून गेले’ म्हणून लाल अक्षरांत येते, ते न करणे हाच इथे शहाणपणा आहे.

यावर एक उलटा युक्तिवाद येतो, आणि तो हुशारीचा आहे. इंग्रजीच्या रकान्यात इंग्रजी न लिहिता रोमन लिपीतली मराठी लिहा, म्हणजे शोधतानाही उपयोग होईल. लोक खरोखरच `draksh chatni` असे टाइप करून शोधतात, हे मान्य. पण देवनागरी वाचणाऱ्याला रोमन मराठी वाचायला लावण्यात काय मिळवले? असे शब्द वर्णनात घालता येतात आणि तिथे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. ही युक्ती मला एकाच ठिकाणी पटते : परदेशी वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण देवनागरी न वाचणाऱ्या मुलांसाठी कोणी गोष्टींचे चॅनेल चालवत असेल तर. छाटणीचा व्हिडिओ ती मुले पाहणार नाहीत.

आता ‘जगभर याचा फायदा झाला आहे’ या मुद्द्याकडे. सल्ला देणाऱ्यांच्या हाती एक आकडा असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत यूट्यूबने अनेक ऑडिओ ट्रॅकची सोय हजारो चॅनेलना दिली, तेव्हा चाचणीतल्या चॅनेलचा १५ टक्क्यांहून अधिक पाहण्याचा वेळ मूळ भाषेखेरीजच्या भाषांतून आला असे सांगितले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ती लाखो चॅनेलसाठी खुली केली, तेव्हा तोच आकडा २५ टक्क्यांहून अधिक सांगितला. आकडे यूट्यूबचेच आहेत आणि ते खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण त्यांतून सल्लागार जे काढतात ते त्यांत नाही. एकूण वेळातला २५ टक्के वाटा दुसऱ्या भाषेतून आला, याचा अर्थ एकूण वेळ तेवढा वाढला असा होत नाही. त्यातले काही प्रेक्षक आधीही येत होते. सबटायटल्स लावून किंवा अर्धेमुर्धे समजून घेऊन ते मूळ भाषेत पाहत होते. त्यांना आता डबिंग मिळाले, म्हणून ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. नवे किती आणि सरकलेले किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

दुसरे असे की तो आकडा ज्यांनी स्वतःहून ट्रॅक बनवून चढवले अशांचा आहे. त्या यादीत सगळ्यात पुढचे नाव मिस्टरबीस्टचे. त्याने ही सोय येण्याआधीच स्पॅनिशसाठी वेगळे चॅनेल चालवले होते, आणि डबिंगसाठी व्यावसायिक आवाजाचे कलाकार घेतले होते. स्पॅनिशचे गणितही वेगळे आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत कोट्यवधी लोकांचे फोन स्पॅनिशमध्येच आहेत. तिथे ॲपची भाषा आणि माणसाची भाषा एक आहे, म्हणून भाषांतरित शीर्षक नेमक्या माणसाला सापडते. आपल्याकडे या दोन भाषा वेगळ्या पडतात. ज्या देशात एका माणसाच्या खिशात तीन भाषा असतात तिथे एकभाषिक देशांसाठी आखलेली यंत्रणा चुकणारच. ती चूक फक्त आपल्याकडे होते असेही नाही. युरोपातले दोन भाषा जाणणारे प्रेक्षकही इंग्रजी व्हिडिओला आपल्या भाषेचे शीर्षक लागलेले पाहून वैतागतात. ही भाषांतरे बंद करण्यासाठी लोकांनी ब्राउझरमध्ये टाकायची छोटी साधने बनवली आहेत.

शीर्षकापेक्षा आवाजाचा प्रश्न मोठा आहे. कोणता ट्रॅक आपोआप वाजायचा हे ठरवताना प्रेक्षकाची भाषा-निवड आणि तो एरवी काय पाहतो हे लक्षात घेतले जाते. तासगावच्या व्हिडिओला हिंदी ट्रॅक जोडला, आणि पाहणारा निफाडचा शेतकरी दिवसभर हिंदी गाणी नि हिंदी बातम्या पाहणारा असेल, तर शेजारच्या जिल्ह्यातल्या बागायतदाराचा सल्ला त्याच्या कानी हिंदीतून पडू शकतो. चाकाच्या चिन्हावर जाऊन ऑडिओ ट्रॅक बदलता येतो, हे खरे. हातात कात्री आणि अंगावर धूळ असताना किती जण ते चिन्ह शोधतात?

तरीही, ऑडिओ ट्रॅक ही सोय चांगली आहे असेच माझे मत आहे. शीर्षक बदलणे ही नुसती पाटी बदलणे आहे, तर ट्रॅक जोडणे म्हणजे खरोखर दुसऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणे. भांडण आहे ते कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने, यावर. म्हणून आता छाटणीच्या व्हिडिओला खरोखर कोणता ट्रॅक हवा ते पाहू.

व्हिडिओत काय आहे? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी कशी घ्यायची, काडी तपासून घड असलेला डोळा कुठे आहे ते पाहून किती डोळ्यांवर कापायचे, आणि छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांवर कशी लावायची. हे सगळे ज्या हवामानासाठी आहे ते दख्खनचे. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, आणि पीक एकच घेतले जाते. फूट एकसारखी यावी म्हणून पेस्ट लागते.

आता हिंदी ट्रॅक कोण ऐकणार? पंजाब-हरियाणात जी थोडी द्राक्षे होतात तिथे थंडीत वेल खरोखर झोपतो. छाटणी एकदाच, तीही जानेवारीच्या आसपास. त्या शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये कापायला सांगणारा व्हिडिओ त्याच्या शुद्ध हिंदीत ऐकवला, तर तो त्याच्या कामाचा तर नाहीच, मनावर घेतला तर घातक. तमिळचा विचार केला तर तेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षे होतात. तिथे छाटण्या अशा घेतल्या जातात की वर्षभर कुठे ना कुठे तोडणी चालू असते. ऑक्टोबरचे आपले वेळापत्रक तिथे बसत नाही. आशय भाषेच्या सीमेवर नाही तर हवामानाच्या सीमेवर अडतो आहे, आणि त्याचा इलाज डबिंगमध्ये नाही.

उरते कन्नड. विजयपूर, बागलकोट, बेळगावी या पट्ट्यात आपल्यासारखीच दोन छाटण्यांची पद्धत आहे, आपल्यासारखेच थॉम्पसन आणि त्याच्या कुळातले वाण आहेत, आणि रोगही तेच, केवडा आणि भुरी. त्यातला जतला लागून असलेला आणि अथणीकडचा शेतकरी बहुधा मराठी समजतो आणि आजही मराठी व्हिडिओ पाहतो. त्याच्यासाठी ट्रॅक नको. तो हवा त्याच्या पुढच्या माणसासाठी, बागलकोटकडच्या, ज्याला मराठी येत नाही पण ज्याची बाग तासगावच्या बागेसारखीच आहे. त्याहून दक्षिणेला, चिक्कबळ्ळापूरकडे बंगळूर ब्लू आणि दिलखुशसारखे वाण आहेत आणि तिथले वेळापत्रक वेगळे आहे. म्हणून कन्नड शीर्षकात वाणाचे नाव पहिल्या दोन शब्दांत हवे, म्हणजे चुकीचा माणूस आत येणार नाही. फोनवर लांब शीर्षक मध्येच कापले जाते, त्यामुळे शेवटी लिहिलेले वाणाचे नाव असून नसल्यासारखे.

म्हणजे ज्या चॅनेलला सल्लागार ‘पहिले हिंदी, मग इंग्रजी’ सांगतात, त्याला या दोन्ही भाषांचा उपयोग नाही आणि ज्या भाषेचे नाव यादीत सहाव्या-सातव्या जागी येते ती पहिली हवी. बोलणारे किती कोटी आहेत यावरून भाषा निवडली की असे होते. ही बाग असलेला माणूस कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न विचारला की उत्तर दोन मिनिटांत मिळते.

आता कन्नड ट्रॅक प्रत्यक्ष बनवायला बसू. पहिली अडचण चित्रीकरणाच्या दिवशीच निर्माण झालेली असते. बागायतदाराच्या सदऱ्याला लावलेल्या एकाच माइकवर त्याचे बोलणे, कात्रीचा कट-कट आवाज, पानांची सळसळ आणि लांबचा ट्रॅक्टर हे सगळे एकत्र मुद्रित झाले आहे. यूट्यूबला जो ट्रॅक द्यायचा तो संपूर्ण आवाजाचा असतो, नुसत्या बोलण्याचा नाही. मूळ ट्रॅक बंद होतो आणि नवा वाजतो. त्यामुळे स्टुडिओत बसून स्वच्छ कन्नड निवेदन केले तर बाग मुकी होते. कात्री चालताना दिसते पण ऐकू येत नाही. चित्रपटाच्या डबिंगमध्ये यासाठी संवाद एकीकडे आणि संगीत व इतर आवाज दुसरीकडे असे पहिल्यापासून वेगळे ठेवतात. शेतातल्या चित्रीकरणात तेवढे जमत नाही, पण एक करता येते : दुसरा माइक वेलीजवळ ठेवायचा आणि संकलन करताना बोलणे एका पट्टीवर, बागेचा आवाज दुसऱ्या पट्टीवर ठेवून प्रकल्पाची फाइल जपून ठेवायची. बहुतेक जण व्हिडिओ चढवला की ती फाइल पुसतात आणि सहा महिन्यांनी डबिंगचा विचार करतात.

ते झालेले नसेल तर ओठांशी जुळवलेले डबिंग करायच्या भानगडीत पडू नये. माहितीपटात करतात तसे करावे. बागायतदाराचा मराठी आवाज सेकंद-दोन सेकंद तसाच ऐकू द्यायचा, मग तो खाली घेऊन त्यावर कन्नड आवाज चढवायचा. माणूस आपल्याच भाषेत बोलतो आहे आणि कोणीतरी आपल्याला समजावून सांगतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळते, कात्रीही राहते. शेतीच्या प्रात्यक्षिकाला हीच पद्धत शोभते, आणि ती स्वस्तही आहे.

दुसरी अडचण वेळेची. नव्या ट्रॅकची लांबी मूळ व्हिडिओएवढी असावी लागते. बारा मिनिटांचे बारा मिनिटांतच बसवायचे. पण एकूण लांबीपेक्षा नाजूक गोष्ट बोटाची. ‘हा डोळा धरा, इथून कापू नका, इथून कापा’ या वाक्यात दोनदा ‘इथून’ येते आणि दोन्ही वेळा बोट वेगळ्या जागी असते. कन्नड निवेदक अर्धा सेकंद पुढे-मागे झाला तर ऐकणारा नको तिथे कापेल. इथे कन्नडची एक मदत होते. मराठीसारखेच तिच्यात क्रियापद शेवटी येते, म्हणून ‘इथून’चा शब्द वाक्यात जवळपास त्याच जागी पडतो. इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि जागा नंतर, म्हणून बोट आणि शब्द यांची फारकत होते. तज्ज्ञ निवेदक ते सावरून घेतो. यंत्राने केलेले डबिंग वेळेत बसवण्यासाठी बोलणे पळवते किंवा ताणते, बोट कुठे आहे त्याकडे पाहत नाही.

यंत्राच्या डबिंगबद्दल इथेच सांगून टाकतो. ज्या चॅनेलला ही सोय मिळाली आहे त्यांच्या स्टुडिओच्या सेटिंगमध्ये आपोआप होणारे डबिंग चालू-बंद करायची निवड असते, आणि प्रसिद्ध होण्याआधी स्वतः तपासायची निवडही असते. निदान ही दुसरी निवड तरी करावीच. कारण या व्हिडिओत एक वाक्य असे आहे की जे चुकून चालणार नाही. हायड्रोजन सायनामाइड हाताळताना हातमोजे हवेत, आणि ते हाताळण्याच्या आधी आणि नंतर दारू पिऊ नये. रसायन आणि दारू एकत्र आली की शरीरावर गंभीर परिणाम होतो. मूळ व्हिडिओत बागायतदार हे बोलता बोलता, हसत, अर्ध्या वाक्यात सांगून जातो : ‘पेस्ट लावल्यावर संध्याकाळचा कार्यक्रम बंद बरं का.’ मराठी माणसाला कळले. कन्नड डबिंग यंत्राने केलेच, तर ते त्याचे भाषांतर ‘संध्याकाळचा कार्यक्रम रद्द’ असे करू शकते, आणि कन्नड शेतकऱ्याला वाटेल गावात काहीतरी समारंभ होता. दीड-अडीचसारख्या मापांचेही तसेच. ज्याला कन्नड आणि द्राक्ष दोन्ही येतात अशा एका माणसाने पूर्ण ट्रॅक ऐकल्याशिवाय तो प्रसिद्ध करू नये. ट्रॅकला फक्त आवाजाची चूक सांगणारा माणूस पुरत नाही.

तिसरी गोष्ट जी बोलण्यात येतच नाही : पडद्यावरची अक्षरे. ट्रॅक आवाज बदलतो, चित्र बदलत नाही. व्हिडिओत मात्रेचा तक्ता देवनागरी आकड्यांत लिहिलेला असेल तर तो तसाच राहतो. थंबनेलवर मोठ्या अक्षरांत मराठी मजकूर असेल तर कन्नड शीर्षकाच्या डोक्यावर तो तसाच बसतो. भाषेनुसार वेगळे थंबनेल देण्याची चाचणी यूट्यूबने २०२५ मध्ये काही चॅनेलसोबत सुरू केली, पण ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी थंबनेलवर कमीत कमी लिहावे आणि पडद्यावरचे आकडे 1, 2, 3 असे लिहावेत. ते दोन्हीकडे वाचता येतात. हे काम ट्रॅक बनवताना होत नाही, मूळ व्हिडिओ करतानाच ठरवावे लागते.

एका मुद्द्यावर सल्लागारांशी माझे जुळते. कन्नडसाठी वेगळे चॅनेल काढण्यापेक्षा त्याच व्हिडिओला ट्रॅक जोडणे बरे. पाहिल्याची संख्या, प्रतिक्रिया, दुवे सगळे एका जागी जमते आणि एक चॅनेल उपाशी ठेवून दुसरे वाढवावे लागत नाही. पण त्यातून एक जबाबदारी येते, जी ते सांगत नाहीत. ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १२० ते १४० दिवस जातात. बागलकोटचा शेतकरी कन्नड ट्रॅक ऐकून चॅनेलला जोडला गेला, त्याने तासगावच्या पद्धतीने छाटणी केली, पेस्ट लावली. नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि केवड्याचा धोका उभा राहिला. त्या दिवशीचा तातडीचा व्हिडिओ फक्त मराठीत आहे. आपण त्याला अर्ध्या वाटेवर सोडले. एका व्हिडिओला आठ भाषांचे ट्रॅक जोडण्याऐवजी एका हंगामाच्या सगळ्या व्हिडिओंना एका भाषेचा ट्रॅक जोडणे, याला मी पोहोच वाढवणे म्हणेन. तेवढे बळ नसेल तर सुरुवात करू नये. मराठी ऐकणारे प्रेक्षक त्याने कमी होत नाहीत.

आणि ट्रॅक चालतो आहे की नाही हे कसे कळावे? एकूण आकड्यावरून नाही. दोन भाषांच्या प्रेक्षकांची सरासरी दोघांचेही सत्य लपवते. ॲनालिटिक्सच्या सविस्तर पानावर ऑडिओ ट्रॅकनुसार विभागणी करता येते. कन्नड ट्रॅकवर लोक सरासरी किती वेळ थांबतात आणि मराठीवर किती, हे शेजारी ठेवून पाहावे. कन्नडवाले पहिल्या अर्ध्या मिनिटात जात असतील तर शीर्षकाने चुकीचा माणूस आत आणला आहे, किंवा सुरुवातीचा आवाज बरोबर लागलेला नाही. ते छाटणीच्या प्रात्यक्षिकापर्यंत थांबून मग जात असतील तर बोट आणि शब्द जुळत नसावेत. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

इंग्रजी शीर्षक कुठेच नको असे मी म्हणत नाही. ज्या व्हिडिओत बोलणेच नाही, नुसती रांगोळी आहे, चुलीवरचा स्वयंपाक आहे, त्याला ते लावावे. तिथे मराठी प्रेक्षक शीर्षक वाचून नाही तर चित्र पाहून येतो. ज्या व्हिडिओला खरा, माणसाने तपासलेला इंग्रजी ट्रॅक आहे त्यालाही लावावे, पण मराठी प्रेक्षक किती घटले हे महिनाभर पाहून मगच ते ठेवावे. ज्या मराठी व्हिडिओत माणूस मराठीत काही समजावून सांगतो आहे आणि दुसरा आवाज नाही, तिथे इंग्रजी शीर्षक म्हणजे बाहेरच्या माणसाला दिलेले खोटे आमंत्रण. इंग्रजी वाचून आलेला परका माणूस मराठी ऐकताच परत जातो. घरचा माणूस तर आलेलाच नसतो.

म्हणून ज्यांनी हा सल्ला आधीच मानला आहे त्यांना माझे सांगणे एवढेच : स्टुडिओत जाऊन ज्या बोलक्या व्हिडिओंना इंग्रजी ट्रॅक नाही त्यांची इंग्रजी शीर्षके काढून टाका. हिंदीची ठेवायची असतील तर आधी त्या विषयाचा हिंदी बोलणारा प्रेक्षक कोणत्या जिल्ह्यात राहतो ते सांगता आले पाहिजे. आणि ट्रॅकसाठी बाजूला ठेवलेले पैसे असतील तर ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत जपून ठेवा, कन्नड आणि द्राक्ष दोन्ही जाणणारा एक माणूस शोधा, आणि छाटणीपासून तोडणीपर्यंतचा एक हंगाम त्याच्याकडून पूर्ण करून घ्या.